नववा आठवडा नक्की कुठला?

स्वीडनमध्ये लोक तारखेपेक्षा आठवड्याच्या क्रमांकाने बोलतात. कचेरीतली बैठक 'विसाव्या आठवड्यात' असते आणि शाळेची सुट्टीही क्रमांकानेच ठरते. दुसऱ्या महायुद्धात इंधन वाचवण्यासाठी तिथल्या शाळा ऐन थंडीत आठवडाभर बंद ठेवल्या जात. त्यातूनच रुजलेली 'स्पोर्टलोव' ही सुट्टी आता रेल्वे आणि हॉटेलांवर एकदम गर्दी होऊ नये म्हणून वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या आठवड्यांत मिळते: साधारणपणे योतेबोरीला सातव्या, माल्मोला आठव्या आणि स्टॉकहोमला नवव्या आठवड्यात.

आता समजा, स्टॉकहोममधल्या एका मराठी कुटुंबाने वर्षाच्या तारखा एक्सेलमध्ये मांडल्या आणि शेजारच्या रकान्यात आठवड्याचा क्रमांक काढला:

```
=WEEKNUM(A2)
```

२३ फेब्रुवारी २०२६, सोमवार. उत्तर ९. शाळेचं कॅलेंडरही तेच सांगतं, म्हणून सगळे निश्चिंत. पुढच्या वर्षी तीच शीट वापरून ते नववा आठवडा शोधतात, तेव्हा त्यात सोमवार येतो २२ फेब्रुवारी २०२७ चा. पुण्याची तिकिटं त्या हिशेबाने काढली, तर पंचाईत. त्या आठवड्यात सुट्टी माल्मोच्या मुलांना; स्टॉकहोमचा नववा आठवडा १ मार्चला सुरू होतो, आणि त्या तारखेपुढे एक्सेल १० दाखवतं.

एक्सेल चुकलेलं नाही, त्याने दुसराच नियम लावला आहे. WEEKNUM ला तारखेनंतर आणखी एक आकडा देता येतो, त्याला रिटर्न टाइप म्हणतात. तो दिला नाही, तर एक्सेल १ धरतं: आठवडा रविवारी सुरू, आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला, मग त्यात वर्षाचे दोनच दिवस का असेनात. स्वीडिश शाळा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने चालतात. त्यात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. म्हणजे आठवड्यातले निदान चार दिवस नव्या वर्षात हवेत.

२०२७ ची १ जानेवारी शुक्रवारी येते. एक्सेलच्या मूळ नियमाने शुक्रवार-शनिवार मिळून पहिला आठवडा संपला आणि ३ जानेवारीपासून दुसरा लागला. आयएसओच्या लेखी मात्र ते दिवस अजून २०२६ च्या त्रेपन्नाव्या आठवड्यातलेच; पहिला आठवडा उगवतो ४ जानेवारीला. इथे पडलेलं एकाचं अंतर मग वर्षभर चालतं. शरद ऋतूतली चव्वेचाळिसाव्या आठवड्याची सुट्टी १ नोव्हेंबरला सुरू होते, तिथे शीट ४५ म्हणते.

ही गडबड इतकी वर्षं लपून कशी राहते, हे मोठं गमतीचं आहे. वर्ष शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झालं तरच सोमवार ते शनिवारचे आकडे वर्षभर विसंगत राहतात. २०२३ ते २०२६ या चारही वर्षांत तसं झालं नाही, त्यामुळे शाळेच्या दिवसांचे क्रमांक डिसेंबरअखेरचे थोडे दिवस सोडता जुळत राहिले. चुगली करतो तो रविवार: १ मार्च २०२६ ला शाळेचा नववा आठवडा संपतो, एक्सेलचा दहावा सुरू होतो. पण सुट्टीच्या यादीत रविवारकडे बघतो कोण?

ज्यांनी बघितलं ते बहुधा रिटर्न टाइप २ करून मोकळे होतात. त्याने आठवडा सोमवारी सुरू होतो खरा, पण १ जानेवारीचा नियम तसाच राहतो आणि २०२७ मधलं अंतरही. काही जण सरळ उत्तरातून एक वजा करतात. ही मलमपट्टी २०२७ आणि २०२८ च्या शाळेच्या दिवसांना चालते. २०२९ सोमवारी सुरू होतं, तिथे तीच वजाबाकी चूक ठरते. संगणकाची भाषा किंवा देश स्वीडिश केल्यानेही काही बदलत नाही. तिथे सूत्राचं नाव VECKONR होतं, न सांगता धरलेला आकडा १ च.

खरा उपाय २१ हा आकडा. तो एक्सेल २०१० पासून चालतो. २०१३ पासून त्यासाठी वेगळं सूत्रही आहे. गूगल शीट्समध्येही दोन्ही आहेत:

```
=WEEKNUM(A2,21)
=ISOWEEKNUM(A2)
```

क्रमांकाशेजारी वर्ष हवं असेल, तर मात्र नुसतं YEAR(A2) धोक्याचं. १ जानेवारी २०२७ ला ते २०२७ देईल आणि आठवडा येईल ५३, म्हणजे ती तारीख यादीत वर्षाच्या तळाशी जाऊन बसेल. त्या आठवड्यातल्या गुरुवारचं वर्ष घेतलं की २०२६ मिळतं:

```
=YEAR(A2-WEEKDAY(A2,2)+4)
```