मामा देतो तेव्हा आणि भाचा देतो तेव्हा

मामाने भाच्याला घरासाठी 3 लाख रुपये भेट दिले, तर भाच्याला त्यावर प्राप्तिकर नाही. पुढे भाच्याने मामाला घरदुरुस्तीसाठी 60,000 दिले, तर मात्र मामाला कर लागू शकतो. कायद्याच्या यादीत आईवडिलांची भावंडं 'नातेवाईक' आहेत. भाचे-पुतणे नाहीत, आणि मावसभाऊ-चुलतभाऊही नाहीत. नात्यागोत्याचा हा हिशेब आपल्या घरांना पटणारा नाही, पण नियम तोच आहे.

यादीबाहेरच्यांकडून, म्हणजे मित्रांकडूनही, वर्षभरात मिळालेली रक्कम एकत्र धरतात. ती 50,000च्या आत असेल तर करमुक्त. मामाचे 60,000 ही मर्यादा ओलांडतात, म्हणून फक्त वरच्या 10,000वर नव्हे, सगळ्या 60,000वर कर. स्वतःच्या लग्नातल्या आहेराला यातून सूट आहे. मालकाने दिवाळीला दिलेली रोख रक्कम मात्र पगारातच धरली जाते.

3 लाख बँकेतूनच घ्यावेत. एकाकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. मामाच्या सहीचं भेटपत्र घ्यावं. त्यात नातं, रक्कम, तारीख आणि दोघांचे पॅन असावेत. सोबत मामाच्या खात्याचा उतारा ठेवावा. नोटीस आली की पैसा मुळात कुठून आला, हे आधी विचारतात.