व्यालेल्या कुत्रीची थरथर: उद्यापर्यंत थांबू नका

पोमेरेनियन जातीची चार किलो वजनाची एक कुत्री आहे असे समजा. तिला पाच पिल्लं झाली, बाळंतपण सुखरूप पार पडले आणि पिल्लं गुबगुबीत होऊ लागली. अठराव्या दिवशी सकाळी मात्र ती पिल्लांजवळ बसेना. घरभर येरझाऱ्या घालू लागली, जीभ काढून धापा टाकू लागली, तोंड जमिनीवर घासू लागली. दुपारी तिची चाल ताठ झाली, मागचे पाय लटपटू लागले आणि अंगाला बारीक कंप सुटला. घरच्यांना वाटले, अशक्तपणा असेल, नाहीतर थंडी वाजत असेल. संध्याकाळी ती आडवी पडली, पाय काठीसारखे ताठ झाले, तोंडातून लाळ गळू लागली आणि ताप १०६ अंशांवर गेला.

पशुवैद्यक या आजाराला एक्लॅम्पसिया म्हणतात. गर्भवती स्त्रियांना रक्तदाब वाढून होणाऱ्या याच नावाच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. कुत्रीमध्ये मूळ कारण एकच असते, ते म्हणजे रक्तातले कॅल्शियम अचानक घटणे. व्याल्यानंतरचे पहिले चार आठवडे धोक्याचे असतात. त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पिल्लांची भूक आणि आईचे दूध दोन्ही वाढलेले असताना, हा आजार जास्त दिसतो. लहान चणीच्या आणि एका वेताला बरीच पिल्लं देणाऱ्या कुत्र्यांना तो अधिक गाठतो.

दुधातले कॅल्शियम आईच्या रक्तातून जाते. रक्तातली तूट हाडांतल्या साठ्यातून भरून निघते, पण हाडांतून ते किती वेगाने सुटते यालाही मर्यादा आहे. दूध त्याहून वेगाने कॅल्शियम ओढू लागले की रक्तातली पातळी कोसळते. मज्जातंतूंना शांत ठेवण्याचे काम हेच कॅल्शियम करत असते. ते कमी पडले की मज्जातंतू विनाकारण संदेश सोडू लागतात आणि स्नायू आखडतात, पण सैल पडत नाहीत. म्हणून दुधाच्या तापात गाय थंड पडून बसून राहते, तर कुत्री थरथरते आणि तापते. हा ताप जंतूंचा नसतो. सतत आखडलेल्या स्नायूंची ती उष्णता असते. शरीर असे तापत राहिले तर मेंदूला इजा होते, झटके येतात, श्वास आणि हृदयाचे काम बिघडते. पहिल्या कंपापासून इथवर यायला काही तासच लागतात.

इलाज मात्र हाताशी आहे. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. चार किलोच्या कुत्रीला १० टक्के द्रावण साधारण दोन ते सहा मिलिलिटर लागते. ते दहा-वीस मिनिटे घेऊन, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यावे लागते, कारण घाईने दिले तर हृदय थांबू शकते. त्यामुळे हे घरी करण्याचे काम नव्हे. औषध लागू पडले की बहुतेक वेळा कंप तिथल्या तिथे ओसरू लागतो आणि तापही उतरतो.

दवाखान्यात नेईपर्यंत पिल्लं आईपासून दूर करा, तिला गार, शांत जागी ठेवा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून ती व्यालेली आहे हे सांगा. कंप सुटलेल्या कुत्रीच्या तोंडात दूध किंवा औषध ओतू नका, ते फुप्फुसात जाते. माणसांची तापाची गोळी देऊ नका. घरी आल्यावर पिल्लांना निदान एक दिवस पिल्लांसाठीचे पावडरचे दूध बाटलीने पाजावे लागते. चार आठवड्यांची झाली असतील तर आईचे दूध कायमचे तोडणेच बरे. आईला पोटातून कॅल्शियम किती आणि किती दिवस द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

मायेपोटी होणारी एक चूक इथे सांगायलाच हवी. कुत्री गाभण आहे कळताच अनेक जण तिला कॅल्शियमचे सिरप सुरू करतात. बाहेरून आयते कॅल्शियम मिळाले की हाडांतून ते सोडवून घेणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते. मग दूध सुरू झाल्यावर एकाएकी मागणी वाढते, तेव्हा ती वेळेवर जागी होत नाही. म्हणजे ज्या आजाराच्या भीतीने सिरप दिले, त्याचाच धोका वाढतो. नुसत्या मांस-भातावरही ठेवू नये, त्यात कॅल्शियम फार कमी असते. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांपासून दूध सुटेपर्यंत पिल्लांसाठीचा तयार, संतुलित आहार द्यावा. पिल्लं बरीच असतील तर तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना वरचे खाणे सुरू करावे, म्हणजे आईवरचा भार हलका होतो.

एकदा हा आजार झालेल्या कुत्रीला पुढच्या वेतातही तो होऊ शकतो, म्हणून तिला पुन्हा गाभण ठेवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. आणि पिल्लांना पाजणारी कुत्री थरथरताना दिसली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.