दोन मिनिटांचा काटा, दहा तासांचा तळ

गळीत हंगाम भरात आला की साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या एकामागे एक उभ्या राहतात. ही रांग काट्यामुळे लागते, असं बघणाऱ्याला वाटतं, कारण रांगेचं तोंड काट्यापाशी असतं. दुसरा काटा बसवा, ही मागणीही त्यातूनच येते. मागणी चुकीची नाही, पण गाडी खरोखर कुठे अडते हे आधी मोजलं, तर पैसा आणि मेहनत योग्य जागी लागेल. मोजायला फार गणित लागत नाही.

दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना घेऊ. एका गाडीत सरासरी १६ टन ऊस धरला, तर दिवसाला सुमारे ३१२ गाड्या, म्हणजे तासाला १३ गाड्या लागतात. बऱ्याच ठिकाणी क्रम असा असतो: गाडी तळावर येऊन नंबर लावते, नंबर पुकारला की भरलेलं वजन होतं, गव्हाणीत ऊस पडतो आणि परत जाताना रिकाम्या गाडीचं वजन होऊन पावती मिळते. गाडी दोनदा काट्यावर चढते, म्हणून एकच काटा असेल तर त्याला तासाला २६ वजनं करावी लागतात.

एका वजनाला सरासरी २ मिनिटं लागतात असं समजू. मग काटा तासाला ३० वजनं करू शकतो. तीसची ताकद आणि सव्वीसचं काम, म्हणजे रांग लागायला नको, असा हिशेब कुणीही करील. पण गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी पाच मिनिटं काटा रिकामा असतो, आणि ती रिकामी पाच मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत. डेन्मार्कचे गणिती ए. के. एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना नेमक्या याच अडचणीवर विचार केला. १९०९ साली त्यांनी फोन कसे बेभरवशाने येतात याचं गणित मांडलं, आणि पुढे त्यातूनच रांगांचं शास्त्र उभं राहिलं.

त्यातलं सर्वांत साधं सूत्र वापरू. काटा किती वेळ कामात गुंतलेला आहे तो भाग काढायचा. आपल्याकडे २६ भागिले ३०, म्हणजे ०.८७. त्याला उरलेल्या रिकाम्या भागाने, म्हणजे ०.१३ ने भागायचं आणि एका वजनाच्या वेळेने गुणायचं. उत्तर येतं १३ मिनिटं. दोन मिनिटांच्या वजनासाठी तेरा मिनिटांची वाट, आणि तीही दोनदा.

आता वजनाचा वेळ २ मिनिटांवरून दीड मिनिटावर आणा. काट्याची ताकद तासाला ४० होते, गुंतलेला भाग ०.६५ वर येतो आणि थांबण्याचा वेळ तीन मिनिटांच्या आत येतो. अर्ध्या मिनिटाच्या बचतीतून दहा मिनिटं वाचतात. ही अर्धी मिनिटं शोधायला काट्यावर उभं राहावं लागतं. चालक खाली उतरून पावतीसाठी खिडकीशी जातो का? शेतकऱ्याचा आणि गाडीचा कोड वजनाच्या वेळी हाताने भरला जातो का, की नंबर लावतानाच भरून ठेवलेला असतो? एखादं वजन पाच मिनिटं अडकतं, ते कशामुळे? प्रत्येक वजन अगदी सारख्या वेळात होऊ लागलं, तर सरासरी तीच राहूनही थांबणं निम्म्यावर येतं, हेही याच शास्त्राने सिद्ध केलं आहे. म्हणून चुकलेला कोड, वाचता न येणारी चिठ्ठी, बंद पडलेला प्रिंटर या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी सगळी रांग लांबवतात. नवा काटा विकत घेण्याआधी हे सगळं करून पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण चालकाला विचारा. तो तेरा मिनिटांची तक्रार करत नाही. तो सांगतो, रात्रभर तळावर होतो. ही रांग वेगळी आहे आणि तिचं कारणही वेगळं आहे.

गव्हाण चोवीस तास चालते, पण हाताने होणारी तोड दिवसा होते. पहाटे कोयते चालू होतात, मोळ्या बांधून भरणी होते आणि गाड्या सकाळी १० पासून मध्यरात्रीपर्यंत येतात, असं धरू. ३१२ गाड्या १४ तासांत आल्या म्हणजे तासाला २२ पेक्षा जास्त. गव्हाण घेते १३. दर तासाला नऊ-सव्वानऊ गाड्या तळावर साठत जातात आणि मध्यरात्री तिथे १३० गाड्या उभ्या असतात. शेवटच्या गाडीचा नंबर लागायला १३० भागिले १३, म्हणजे १० तास. दिवसभराची सरासरी काढली तर तळावर ६५ गाड्या आणि प्रत्येकीला ५ तास. गाड्यांच्या संख्येला बाहेर पडण्याच्या वेगाने भागलं की थांबण्याचा वेळ मिळतो. हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला आणि तो कोणत्याही रांगेला लागू पडतो.

काट्याने कितीही घाई केली तरी हे पाच तास कमी होत नाहीत. गव्हाण तेराच गाड्या घेणार. शिवाय यातला काही साठा कारखान्याला हवाच असतो, नाहीतर पहाटे ऊस नाही म्हणून गाळप थांबेल. कमी करायचा आहे तो जास्तीचा साठा, आणि त्याची किल्ली शेती खात्याच्या तोडणी कार्यक्रमात आहे. काही टोळ्यांची भरणी मागेपुढे करून किंवा यंत्राने होणारी तोड रात्री घेऊन गाड्यांचं येणं १४ ऐवजी १८ तासांत पसरलं, तर मध्यरात्रीच्या १३० गाड्या ७८ वर येतात आणि सरासरी थांबणं पाच तासांवरून तीनवर. गाडीला दुसरी खेप मिळते की नाही, हे बहुधा या दोन तासांवर ठरतं, आणि बीडहून आलेल्या टोळीचा हिशेब टनावर होतो.

गिरणी बंद पडली की परीक्षा होते. चार तास गाळप थांबलं आणि तोड चालूच राहिली, तर ५२ गाड्या तळावर वाढतात. कारखाना पूर्ण ताकदीने चालत असेल तर त्या ५२ गाड्या आपोआप कधीच संपत नाहीत. पुढचा प्रत्येक दिवस चार तास उशिराने चालतो. म्हणून बंद तासांना तेराने गुणून तेवढ्या गाड्यांची तोड पुढच्या दिवशी कमी करायला हवी. ही वजाबाकी वेळेवर झाली नाही, तर एका दिवसाच्या बिघाडाची रांग आठवडाभर टिकते.

या थांबण्याची किंमत कोण देतो, हेही नीट पाहायला हवं. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरही उतरते. वजन तळावर थांबून झाल्यानंतर होत असेल, तर तळावरची घट शेतकऱ्याच्या आणि टोळीच्या माथी बसते. गाडी आल्याआल्या वजन झालं तर ती घट कारखान्याकडे जाते. मग संध्याकाळच्या गर्दीत एका काट्यावर तासाला बावीस भरलेल्या आणि तेरा रिकाम्या, अशा पस्तीस गाड्या येतील आणि तीसची ताकद अपुरी पडेल. दुसऱ्या काट्याची खरी गरज इथे आहे, आणि माझ्या मते तो खर्च कारखान्याने करायला हवा.

हे सगळं तपासायला नवी यंत्रणा लागत नाही. नंबर लावल्याची, भरलेल्या वजनाची आणि रिकाम्या वजनाची वेळ बहुतेक ठिकाणी संगणकात असतेच. एका दिवसाच्या या तीन वेळा कागदावर मांडल्या, की गाडी काट्यावर किती थांबली आणि तळावर किती, हे तासाभरात कळतं. सभासदांनी वार्षिक सभेत एवढंच मागावं: पावतीवर वजनासोबत या तिन्ही वेळा छापून द्या.