चाळिशीतला हर्षल आणि आपले फाळके

आमच्या ऑफिसातले एक दादा, वय 41, राजीनामा लिहून बसलेत. म्हणे, "हर्षल समोर आलाय."

हर्षल म्हणजे युरेनस. सूर्याभोवती फिरायला त्याला 84 वर्षं लागतात. म्हणजे साधारण चाळिशीत तो तुमच्या जन्मवेळच्या जागेच्या बरोबर समोर येतो. हा प्रतियोग. पाश्चात्त्य ज्योतिषी म्हणतात, दाबून ठेवलेली इच्छा तेव्हा उसळते, जुनी चाकोरी तुटते.

आता आपल्या नाशिकजवळचं उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, 30 एप्रिल 1870 ला. पाश्चात्त्य गणितानं तेव्हा हर्षल कर्केत साधारण 19 अंशांवर होता. तो समोर, मकरेत 19 अंशांवर आला 1909 च्या सुमारास. पण ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघून फाळके झपाटले 1911 मध्ये. दोन वर्षांचा फरक!

मग ज्योतिषी नेपच्यूनकडे वळतात. तोही याच वयात जन्मस्थानाशी 90 अंशांचा कोन करतो. फाळक्यांचा हा योग 1911 च्या आसपासच येतो, आणि नेपच्यून सिनेमाचा ग्रह मानतात. जुळलं ना?

गोची इथेच आहे. हे संथ ग्रह त्या महिन्यात जन्मलेल्या सगळ्यांनाच जवळपास सारखे. त्या सगळ्यांनी काही 'राजा हरिश्चंद्र' काढला नाही. शिवाय एक योग चुकला की दुसरा शोधायचा, मग काहीतरी जुळणारच.

दादांना मी एवढंच विचारलं, "फाळके कॅमेरा आणायला लंडनला गेले. तुमचं पुढचं काय ठरलंय?"