आमचा मोत्या

आमचा मोत्या गेल्या श्रावणात गेला. चौदा वर्षे तो आमच्या घरचा होता. जात विचाराल तर अस्सल गावठी. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला. पोस्टमनवर तो रोज भुंके. पण पोस्टमन रजेवर असला की दिवसभर फाटकाशी वाट पाहत बसे.

शेवटच्या वर्षी त्याचे पाणी पिणे वाढले, लघवीही वाढली, आणि वजन मात्र उतरू लागले. म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडे थकल्याची ही खूण असू शकते. रक्त तपासून डॉक्टरांनी तेच सांगितले. झीज भरून येणारी नव्हती. ‘पाणी मात्र तोडू नका,’ असे त्यांनी बजावले. रात्री फरशी ओली होई. आई मुकाट्याने ती पुसून त्याचे भांडे पुन्हा भरून ठेवी. औषध, बेताचे अन्न आणि ते भरलेले भांडे यांवर मोत्याने आठ महिने सुखात काढले.

मग अन्न सुटले. एका पहाटे आईच्या पायांशी मान टेकून तो शांतपणे गेला. परसातल्या पारिजातकाखाली आम्ही त्याला ठेवले. चौदा वर्षे आम्ही रात्री निर्धास्त झोपलो, ते त्याच्या जिवावर. एवढे ऋण कोण फेडणार?