गप्प केलेला ग्रुप आणि आईची रात्रीची गोळी

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये चौतीस जण आहेत. पहाटे साडेपाचपासून सुप्रभात, फुलांची चित्रे, वाढदिवस आणि पुढे पाठवलेले घरगुती उपाय यांची रांग लागते. आईचा दुपारी जेमतेम डोळा लागतो, आणि नेमका तेव्हाच माझा फोन उशाशी वाजत राहतो. म्हणून मी तो ग्रुप गप्प केला. कृती सोपी आहे. अँड्रॉइड फोनवर ग्रुप उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबावेत, Mute notifications निवडावे आणि 8 hours, 1 week किंवा Always यांपैकी हवी ती मुदत घ्यावी. संदेश पूर्वीप्रमाणेच येत राहतात. फक्त फोन वाजत नाही. आपण गप्प केल्याचे इतरांना कळतही नाही.

आई रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी रात्री घेते. तिची मात्रा ‘आयएनआर’ या रक्ततपासणीवरून ठरते. आईसाठी डॉक्टरांनी हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवण्यास सांगितले आहे. तो फार वाढला तर रक्तस्रावाची भीती असते. त्या दिवशी तपासणीचा कागद धाकटा भाऊ आणणार होता. दुपारी मीच ग्रुपवर विचारले होते, “रिपोर्ट आला का?” संध्याकाळी त्याचे उत्तर आले: “ताई, ३.८ आलाय. आजची गोळी देऊ नका, उद्या सकाळी फोन करा, असं डॉक्टर म्हणाले.” फोन वाजला नाही. रात्री नऊला गोळी हातावर काढल्यावर, केवळ सवयीने, मी फोन उघडला.

चूक शोधू लागले तेव्हा कळले की गप्प केलेल्या ग्रुपमधूनही दोन प्रकारचे संदेश आपल्यापर्यंत आवाज करून पोहोचतात: ज्यात आपला उल्लेख आहे तो, आणि आपल्याच संदेशाला दिलेले उत्तर. परंतु या दोन्ही शब्दांचा अर्थ आपण समजतो त्याहून अरुंद आहे. भावाने ‘ताई’ लिहिले होते, पण तो उल्लेख नव्हता. उल्लेखासाठी आधी @ हे चिन्ह टाइप करावे लागते. ते करताच सभासदांची यादी समोर येते. तिच्यातून नाव बोटाने निवडल्यावर ते रंगीत अक्षरांत उमटते. @ नंतर नुसते ‘ताई’ टाइप करून उपयोग नाही. नाव रंगीत दिसले नाही, तर समजावे की सूचना जाणार नाही.

उत्तराचेही तसेच. त्याने माझ्या प्रश्नाखाली नवा संदेश लिहिला होता. माणसाच्या लेखी ते उत्तर होते, फोनच्या लेखी नव्हते. ज्या संदेशाला उत्तर द्यायचे, त्यावर बोट ठेवून तो उजवीकडे सरकवायचा, मग लिहायचे. असे केले की मूळ प्रश्न चौकटीत वर दिसतो आणि विचारणाऱ्याचा फोन वाजतो. मात्र प्रश्न भावाने विचारला असेल आणि वहिनीने त्याला अशा रीतीने उत्तर दिले, तर वाजेल तो भावाचा फोन, माझा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही परीक्षा घेतली. माझ्या फोनचा पडदा बंद करून तो टेबलावर ठेवला. भावाने आधी साधा संदेश पाठवला: शांतता. मग @ लावून माझे नाव निवडले: फोन वाजला. शेवटी माझा जुना संदेश सरकवून उत्तर दिले: पुन्हा वाजला. आपल्या घरीही ही परीक्षा करून पाहावी. पाच मिनिटे पुरतात. दुसऱ्या-तिसऱ्या संदेशालाही फोन गप्प राहिला, तर दोष बहुधा ग्रुपमध्ये नसतो. फोनच सायलेंटवर असतो, Do Not Disturb चालू असते, किंवा फोनच्या Settings मधून व्हॉट्सअॅपच्या साऱ्या सूचना बंद झालेल्या असतात. माझ्या मावशीच्या फोनमध्ये हेच तिसरे निघाले; नातवाने खेळता खेळता केव्हा बंद केले, कोणास ठाऊक.

चौतीस जणांना @ शिकवणे मात्र माझ्याच्याने झाले नाही. शिकवले ते तिघांना: भाऊ, वहिनी आणि रात्री सोबतीला येणाऱ्या बाई. शिवाय गोळी थांबवायची, वाढवायची किंवा दवाखान्यात निघायचे असेल, तर संदेश पुरेसा धरायचा नाही, सरळ फोन करायचा, असे ठरले. ग्रुप अजूनही Always वर गप्प आहे. पुढच्या खेपेस आकडा २.६ आला. तेव्हा स्वयंपाकघरात फोन वाजला आणि पडद्यावर माझ्या प्रश्नाखाली भावाचे उत्तर होते: “नेहमीचीच गोळी द्या.” आई आतल्या खोलीत झोपली होती.