केबलची डेटा शीट: आकड्यासोबत तापमान लिहा

केबलची डेटा शीट इंजिनिअर वाचत बसत नाही. दोन कंपन्यांच्या शीट शेजारी ठेवून तो फक्त नजर फिरवतो. म्हणून कोष्टकाचं शीर्षक सर्वांत जपून लिहावं.

९५ चौ. मिमी अ‍ॅल्युमिनियम, एक्सएलपीई केबल घ्या. एका शीटवर रेझिस्टन्स ०.३२० ओहम प्रति किमी, दुसऱ्यावर ०.४१०. दुसरी केबल वाईट वाटते ना? प्रत्यक्षात दोन्ही सारख्याच असू शकतात. पहिला आकडा २० अंशांचा डीसी रेझिस्टन्स आहे आणि दुसरा ९० अंशांचा, म्हणजे पूर्ण लोडवर तापलेल्या तारेचा.

फरक किती पडतो पाहा. ४१५ व्होल्ट थ्री-फेज, १०० अँपिअर, २०० मीटर लांबी. रिअ‍ॅक्टन्स सोडला तर पहिल्या आकड्याने व्होल्टेज ड्रॉप सुमारे ११ व्होल्ट येतो, दुसऱ्याने १४. टक्क्यांत २.७ आणि ३.४. मर्यादा ३ टक्के असेल तर केबलची निवडच बदलते!

माझं ठाम मत: दोन्ही रकाने द्या आणि युनिटसह तापमान शीर्षकातच लिहा. तळटीप कोष्टकाच्या कॉपी-पेस्टमध्ये हरवते.

करंट रेटिंगचंही तसंच. हवेतलं रेटिंग ३० अंशांवर धरलंय की ४० वर? एक्सएलपीईला ४० अंशांवर ते सुमारे ९ टक्क्यांनी घटतं. जमिनीखालच्या रेटिंगला जमिनीचं तापमान, खोली आणि मातीची थर्मल रेझिस्टिव्हिटीही सांगावी लागते.